लॅपटॉपवर झकास, फोनवर भडक, प्रिंटमध्ये काळपट : फोटोंचं नक्की बिघडतं कुठे?

भटका_नाशिककर

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. भाचीच्या लग्नाचे फोटो मीच काढले. हौशी माणूस आहे, पण घरच्यांचा भरवसा दांडगा, त्यामुळे अल्बमचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. डीएसएलआरवर रॉमध्ये शूट केलं, लाईटरूममध्ये एडिट केलं. लॅपटॉपवर फोटो मस्त दिसतात. बहिणीच्या फोनवर पाठवले तर हळदीचे फोटो फ्लोरोसंट झालेले, आणि सगळ्यांचे चेहरे उन्हात भाजल्यासारखे लालभडक. मग लॅबमधून दोन पानांचं सॅम्पल काढून आणलं, तर तिसरीच गंमत. पानं काळपट आहेत, नवरदेवाच्या काळ्या बंदगळ्याची घडी-बिडी काही दिसत नाही, नुसता काळा गोळा आणि वर डोकं. आणि सगळ्यावर पिवळट झाक.

फाइल तीच आहे, मी हात लावलेला नाही. मग तीन ठिकाणी तीन रंग कसे? लॅबवाला म्हणतो, "तुमची फाइलच डार्क आहे." माझ्या स्क्रीनवर तर नाहीये! कोणीतरी म्हणालं स्क्रीन कॅलिब्रेट करून घे. ते करून प्रिंट सुधारेल का, की नुसताच खर्च?

तिठा

डीपीआय किती ठेवलाय? ७२ असेल तर प्रिंट खराबच येणार. ३०० करा, प्रश्न मिटला.

डिझाईनवाला

तिठाभाऊ, डीपीआयचा रंगाशी संबंध नाही. खरं कारण सांगतो. स्क्रीन चालते आरजीबीवर आणि छपाई होते सीएमवायकेमध्ये. मी रोज पत्रिका आणि ब्रोशर करतो. स्क्रीनवरचा पोपटी आणि झगझगीत निळा छापून कधीच तसा येत नाही, मळकाच येतो. फाइल द्यायच्या आधी फोटोशॉपमध्ये सीएमवायके करून घ्या, म्हणजे जे मिळणार ते आधीच दिसेल. कॅलिब्रेशन वगैरे मोठ्या स्टुडिओचे लाड आहेत.

अण्णा_मिनीलॅब

डिझाईनवाले, ऑफसेटसाठी तुमचं बरोबर आहे. पण फोटोच्या लॅबला सीएमवायके फाइल देऊ नका हो. फोटोपेपरवर शाई नसतेच. नोरित्सू काय किंवा फ्रंटियर काय, आत लाल-हिरवा-निळा प्रकाश कागदावर पडतो आणि मग कागद रसायनातून जातो. त्या मशीनला आरजीबीच लागतं. सीएमवायके दिलं तर सॉफ्टवेअर ते परत आरजीबी करणार, आणि त्या जाण्या-येण्यात रंग मेले ते मेले. हल्ली अल्बमची पानं डिजिटल प्रेसवरही निघतात, तिथे शाई असते, पण तिथलेही बहुतेक लोक एसआरजीबी जेपेगच मागतात आणि पुढचं रूपांतर त्यांचं ते करतात. आधी विचारून घ्यायचं.

सांगलीत लॅब चालवली आहे मी, रोलच्या काळापासून. "स्क्रीनवर चांगला दिसतो" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले होते.

राखाडी

नाशिककर, फाइल तीच असली तरी फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. लाल २१०, हिरवा १५०, निळा १२० असं लिहिलेलं असतं. त्या आकड्यांना किती आणि कसला उजेड द्यायचा, हे प्रत्येक स्क्रीन आपल्या मनाने ठरवते. त्यामुळे तीनपैकी कोणतं खोटं बोलतंय ते आधी शोधू. एवढं सांगा :

एडिट करताना लॅपटॉपचा ब्राइटनेस किती होता आणि खोलीत दिवा होता का? एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस काय निवडली? फोन कुठला आणि त्याचा स्क्रीन मोड काय? आणि प्रिंट कसल्या उजेडात पाहिली?

लॅपटॉपचा मॉडेल नंबर शोधून पॅनेलची माहितीही बघा. "४५% एनटीएससी" असं काही लिहिलंय का?

ऋतुगंध

मला वाटतं नाईट लाईट चालू राहिला असेल. संध्याकाळनंतर तो आपोआप लागतो आणि स्क्रीन पिवळी करतो. म्हणून प्रिंट पिवळी आली.

राखाडी

ऋतुगंध, शंका रास्त आहे, पण परिणाम उलटा होतो. स्क्रीन पिवळी असेल तर एडिट करणारा ते पिवळेपण मारायला फोटोत निळं वाढवतो, आणि प्रिंट निळसर येते. प्रिंट पिवळी आली म्हणजे स्क्रीन गरजेपेक्षा निळी असण्याची शक्यता जास्त. अंधाराचंही तसंच. प्रिंट काळी आली म्हणजे स्क्रीन फार उजळ होती. प्रिंट ज्या बाजूला झुकते, स्क्रीन त्याच्या विरुद्ध बाजूला झुकलेली असते.

भटका_नाशिककर

उत्तरं देतो. ब्राइटनेस फुल्ल, कायमच असतो. खोलीत दिवा बंद, कारण बायको-मुलं झोपलेली. एक्स्पोर्ट एसआरजीबीच आहे, आत्ता बघितलं. नाईट लाईट बंद. बहिणीचा फोन सॅमसंगचा, मोड `Vivid`. प्रिंट हॉलमध्ये पाहिली, तिथे पिवळा एलईडी आहे. लॅपटॉपच्या माहितीत "३०० निट्स, ४५% एनटीएससी" असं लिहिलंय. हे वाईट आहे का?

राखाडी

वाईट म्हणजे, ऑफिसच्या कामाला ठीक. रंगाच्या कामाला तोकडं. आता एकेक घेऊ.

पहिला संशय उजेडावर. प्रिंटशी जुळवायचं असेल तर स्क्रीनचा पांढरा साधारण ८० ते १२० निट्सवर ठेवतात. तुमची ३०० ची स्क्रीन फुल्ल ब्राइटनेसवर, म्हणजे जवळजवळ तिप्पट उजेड, दीड स्टॉपहून थोडा जास्तच. तोही अंधाऱ्या खोलीत. डोळ्यांना फोटो बोचतो, हात आपसूक एक्सपोजर खाली ओढतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, तो खोलीतला उजेड परत फेकतो, बस्स. म्हणून तीच फाइल कागदावर काळी.

यात स्क्रीनवर अजिबात विश्वास न ठेवता करता येण्यासारखी एक तपासणी आहे. लाईटरूममध्ये लग्नाचे पंचवीस-तीस फोटो उघडून फक्त स्लायडर बघा. एक्सपोजर, टेम्प आणि व्हायब्रन्स. सकाळचे, दुपारचे, रात्रीचे, सगळे मिसळून. मग दुपारच्या साध्या उजेडातला असा एखादा फोटो घ्या ज्यात कोणीतरी पांढरा सदरा घातलाय. त्या सदऱ्यावर माऊस न्या आणि हिस्टोग्रामच्या खाली आर, जी, बी चे टक्के दिसतात ते इथे लिहा.

मोरपंखी

मध्येच विचारते, राग मानू नका. माझा येवल्याहून पैठणीचा ऑनलाइन व्यवसाय आहे. गिऱ्हाइकाची रोजची कटकट, "फोटोत मोरपंखी होती, आली ती हिरवी." साडी परत. मी फोटो एडिटच करत नाही, फोनवर काढते आणि तसाच पाठवते. मग माझ्या स्क्रीनचा दोष कसा? मी कॅलिब्रेट केलं तर गिऱ्हाइकाला बरोबर दिसेल का?

राखाडी

ताई, नाही. तुमची स्क्रीन नीट केल्याने समोरच्याची नीट होत नाही. पण तुमचं प्रकरण वेगळं आहे, त्यावर सवडीने लिहितो.

भटका_नाशिककर

राखाडी, तुम्ही ज्योतिषी आहात का? एक्सपोजर जवळपास सगळीकडे उणे ०.६ ते उणे ०.८. व्हायब्रन्स +३० च्या पुढे. टेम्प प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याच्या आकड्याहून वर ओढलेला. सकाळचं सीमांतपूजन असो की रात्रीचं रिसेप्शन, हात एकाच दिशेने गेलाय.

वडिलांचा पांढरा सदरा, दुपारी अंगणात, सावलीत : आर ७८, जी ७४, बी ६६.

राखाडी

झालं, हेच हवं होतं. काटा वाकडा असलेल्या तराजूवर प्रत्येक पुडी सारखीच कमी भरते, तसे सगळे स्लायडर एकाच बाजूला गेलेत. वेगवेगळ्या उजेडातल्या फोटोंना एकच दुरुस्ती लागत असेल तर ती फोटोंची गरज नसते, स्क्रीनची असते.

सदऱ्याचे आकडे बघा. पांढऱ्या कापडात तिन्ही साधारण सारखे हवेत. तुमच्याकडे निळा लालपेक्षा १२ ने खाली, म्हणजे उघड पिवळा. आणि ७८ हेही कमी आहे. असा सदरा सहज ८५-९० पर्यंत जायला हवा. थोडक्यात, फाइल खरंच काळपट आणि पिवळट आहे. लॅबवाल्याने खोटं सांगितलं नाही.

आता फोनवरचा भडकपणा. स्वस्त लॅपटॉपच्या पॅनेलला गडद लाल, गडद हिरवा दाखवताच येत नाही. ४५% एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचा साधारण ६२% भाग. तिथे चेहरे फिके दिसले, तुम्ही व्हायब्रन्स चढवला. तो वाढीव रंग लॅपटॉपला झेपत नव्हता, फोनच्या ओएलईडीला झेपतो. वर `Vivid` मोड स्वतःच रंग ताणतो. तुमची वाढ आणि फोनची वाढ मिळून हळद फ्लोरोसंट झाली. बहिणीला `Natural` मोड लावून बघायला सांगा.

भटका_नाशिककर

लावला. हळद बरीच माणसात आली. चेहरे अजून लाल आहेत, पण आधीइतके नाहीत.

राखाडी

उरलेली लाली तुमच्या व्हायब्रन्सची.

अण्णा_मिनीलॅब

राखाडींचं पटलं, तरी लॅबला एवढ्या लवकर सोडू नका. लॅबमध्ये ऑटो करेक्शन चालू असेल तर मशीन प्रत्येक फ्रेमचा सरासरी रंग राखाडीकडे ओढतं. लग्नात त्याची फार फजिती होते. मागे सगळा लाल पडदा, पुढे लाल शालू, मशीनला वाटतं फोटोला लाल झाक आहे, मग ते लाल मारतं आणि नवरीचा चेहरा हिरवट होतो. हिरव्या लॉनवर काढलेल्या फोटोत चेहरे गुलाबी-जांभळे. वर ऑपरेटरच्या हाताशी डेन्सिटीची आणि सी, एम, वाय ची बटणं असतात. तो फ्रेम बघून एखादी पायरी इकडे-तिकडे करतो. बरेचदा फोटो वाचतो त्याने, पण ज्याने स्वतः नीट एडिट केलंय त्याचा बिघडतो.

म्हणून असं करा. एका ४ बाय ६ च्या फाइलमध्ये राखाडीचे चौकोन बनवा. एक १२८-१२८-१२८ चा, आणि एका ओळीत ५, १०, १५, २०, २५, ३० असे काळ्याकडचे. बाजूला एखादा चेहरा टाका. तीच फाइल दोनदा द्या, एक नेहमीसारखी आणि एकीवर "नो करेक्शन" लिहून. प्रिंट दुपारी खिडकीजवळ बघायची, थेट उन्हात नाही, आणि तुमच्या त्या पिवळ्या एलईडीखाली तर मुळीच नाही.

डिझाईनवाला

बरं, फोटोपेपरचं माहीत नव्हतं. पण माझ्याकडे विंडोजचं स्वतःचं कॅलिब्रेशन आहे, `dccw` टाइप केलं की उघडतं. फुकट काम होत असेल तर मशीन कशाला?

राखाडी

त्यात डोळ्यानेच ठरवायचं असतं, आणि डोळाच तर फसतो. निळसर स्क्रीनसमोर दहा मिनिटं बसलात की तुम्हाला तीच पांढरी वाटायला लागते. गॅमा ढोबळमानाने ठीक करायला ते बरं आहे. पांढरा किती निळा आणि किती उजळ, हे मोजायला सेन्सरच लागतो. स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं छोटं यंत्र असतं, स्क्रीनवर लटकवायचं. सॉफ्टवेअर एकेक रंगाचा चौकोन दाखवतं, यंत्र खरा रंग मोजतं. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर या यंत्रांबरोबर चालतं. मूळ प्रकल्प थांबला आहे, पण पुढे नव्या पायथॉनसाठी लोकांनी तो चालू ठेवलाय. विकत घेण्याआधी कोणाकडून उसनं मिळतं का बघा.

यातून दोन गोष्टी तयार होतात, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे ग्राफिक्स कार्डात बसणारी वक्ररेषा. ती पांढरा आणि राखाडी जागेवर आणते, सगळ्या प्रोग्रॅमना लागू होते. दुसरी म्हणजे प्रोफाइलची फाइल, "ही स्क्रीन असं असं दाखवते" अशी नोंद. ती वाचून लाईटरूम किंवा फोटोशॉप आपले आकडे त्या स्क्रीनपुरते बदलून पाठवतात. न वाचणारा प्रोग्रॅम आकडे जसेच्या तसे ढकलतो.

अर्धवट_फोटोग्राफर

अच्छा! म्हणजे कॅलिब्रेट केल्यावर माझा फोटो लाईटरूममध्ये वेगळा आणि दुसऱ्या एका व्ह्यूअरमध्ये वेगळा दिसतो, ते यामुळे? मी तर यंत्रच खराब म्हणून परत करणार होतो.

राखाडी

यामुळेच. करू नका परत. फायरफॉक्समध्ये `about:config` उघडून `gfx.color_management.mode` चा आकडा १ केलात तर तो ज्या चित्रांना प्रोफाइल नाही त्यांनाही एसआरजीबी धरून नीट दाखवतो.

तिठा

पण ६२% च दाखवणाऱ्या पॅनेलला कॅलिब्रेट करून काय मिळणार? नाही तो रंग येणार कुठून? पैसे पाण्यात.

राखाडी

अर्धं बरोबर. नाही तो रंग येणार नाही, हे खरं. कुंकवाचा गडद लाल आणि राणी रंगाचा शालू त्या लॅपटॉपवर शेजारी ठेवलात तर फरक जवळपास दिसणारच नाही, दोन्ही एकाच कडेला जाऊन चिकटतील. पण माणसाच्या कातडीचा रंग एवढा गडद नसतो, तो त्या ६२% च्या आतच बसतो. प्रोफाइल नसताना पॅनेल तोही फिका दाखवतं, कारण एसआरजीबीसाठी लिहिलेले आकडे त्याच्या छोट्या आवाक्यात दाबले जातात. प्रोफाइल असलं की लाईटरूम त्या स्क्रीनला चढे आकडे पाठवतं आणि चेहरा बरोबर दिसतो. मग व्हायब्रन्सला हात लावायची वेळच येत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये चेहरा जमला की बरंच काही जमलं.

भटका_नाशिककर

अपडेट देतो. एका मित्राचं यंत्र उसनं मिळालं. राखाडींनी व्यनिमध्ये सांगितलं तसं केलं. लॅपटॉप अर्धा तास चालू ठेवून तापू दिला. चार्जर लावलेला, ऑटो ब्राइटनेस बंद, नाईट लाईट बंद. इंटेलच्या सेटिंगमध्ये `Display Power Savings` नावाचं एक होतं, तेही बंद केलं. ते म्हणे बॅटरीवर असताना चित्रानुसार कॉन्ट्रास्ट बदलत राहतं. मग टार्गेट दिलं : १०० निट्स, गॅमा २.२, पांढरा ६५०० केल्विन.

आधीचं मोजमाप : फुल्ल ब्राइटनेसवर २८७ निट्स, पांढरा ७३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे चांगलाच निळा. १०० निट्ससाठी ब्राइटनेस निम्म्याच्याही बराच खाली आणावा लागला.

झाल्यावर स्क्रीन अशी मेंगळट आणि पिवळी वाटली की वाटलं, बिघडली. तासाभराने सवय झाली. मग लाईटरूममध्ये तेच दोन सॅम्पलचे फोटो उघडले, आणि प्रिंट शेजारी धरली. काळपट, पिवळट, बंदगळ्याचा गोळा. स्क्रीनवरही तेच! पहिल्यांदाच दोन्ही जवळपास सारखं दिसलं.

पिक्सेलपंत

वाचतोय, छान चाललंय. एका ठिकाणी असहमत. लॅपटॉपला मॉनिटरसारखी लाल-हिरवा-निळा वेगवेगळी करायची बटणं नसतात. मग ७३०० चा पांढरा ६५०० वर आणायचा म्हणजे ग्राफिक्स कार्डात निळा कापायचा. आठ बिटमध्ये २५६ पायऱ्या असतात, त्यातल्या काही हकनाक जातात, आणि आकाशाच्या फोटोत पट्टे दिसायला लागतात. लॅपटॉपवर पांढरा जसा आहे तसाच ठेवावा, फक्त उजेड आणि गॅमा नीट करावा. डोळा निळ्या पांढऱ्याला सरावतो.

राखाडी

सरावतो, तोवर ठीक. पण शेजारी प्रिंट धरली की दोन वेगळे पांढरे एकदम समोर येतात आणि मग सराव कामाचा नाही. बाहेरचा मॉनिटर असेल तर आधी त्याच्या बटणांनी पांढरा जवळ आणावा आणि सॉफ्टवेअरला थोडंच काम ठेवावं, यावर आपलं एकमत असेल. लॅपटॉपवर मी ६५०० करतो आणि पट्टे दिसले तर सोसतो.

पिक्सेलपंत

मी नाही सोसत. असो.

अण्णा_मिनीलॅब

नाशिककर, टेस्ट प्रिंटचं काय झालं?

भटका_नाशिककर

आल्या आज. अण्णा, तुमचा संशयही खरा निघाला! नो करेक्शनच्या प्रिंटमध्ये १२८ चा चौकोन खिडकीजवळ स्वच्छ राखाडी दिसतो. दुसरीत तोच चौकोन किंचित हिरवट. मी बाजूला शालूतल्या नवरीचाच फोटो टाकला होता, बहुतेक मशीनने लाल मारला. काळ्या ओळीत ५, १० आणि १५ एकच वाटतात, २० पासून पुढे वेगळे कळतात. स्क्रीनवर मात्र १० आणि १५ सुद्धा वेगळे दिसतात.

अण्णा_मिनीलॅब

म्हणजे आता कागदाची मर्यादा कळली. ग्लॉसी आहे ना? मॅटवर काळा आणखी उथळ होतो, तिथे कदाचित २५ पासून कळेल. बंदगळ्याच्या घडीचे आकडे ० ते २५५ च्या मापात २० च्या वर उचला, मग कागदावर घडी दिसेल. स्क्रीनवर थोडी राखट वाटली तरी चालवून घ्या. लॅबकडे त्यांच्या मशीन-कागदाची प्रोफाइल मिळाली तर लाईटरूममध्ये एस दाबून सॉफ्ट प्रूफमध्ये हे आधीच दिसतं. एक लक्षात घ्या, सॉफ्ट प्रूफ चालू असताना खालचे आकडे टक्क्यांऐवजी ० ते २५५ मध्ये येतात, गोंधळू नका.

भटका_नाशिककर

विचारलं. काउंटरवरच्या मुलाने "कसली प्रोफाइल, इन्स्टाची?" असं विचारलं. म्हणजे नाही मिळणार.

दुरुस्तीला लागलोय. सगळ्या फोटोंना एकदम एक्सपोजर +०.७ आणि टेम्प खाली असं देऊन चालेल का?

राखाडी

सुरुवात म्हणून चालेल, कारण झुकाव सगळीकडे एकाच बाजूचा आहे. व्हायब्रन्स आधी सरळ शून्यावर आणा. मग प्रत्येक प्रसंगातला एक फोटो नीट करून त्याच प्रसंगाच्या बाकीच्यांवर सिंक करा. रात्रीच्या स्टेजवरच्या पिवळ्या दिव्यातला सदरा तिन्ही आकडे समान करून पांढराफटक करू नका, तिथे थोडा पिवळा खराच असतो.

आणि झोपेतून उठल्यावर लॅपटॉपची स्क्रीन एकदम निळसर झाली तर समजा, विंडोजने वक्ररेषा टाकून दिली. डिस्प्लेकॅलचा लोडर ती परत बसवतो. ब्राइटनेसचं बटण दाबलंत तर १०० निट्स गेले, तेव्हा ती पातळी कुठे होती ते लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी परत मोजायचं, कारण बॅकलाईट हळूहळू उतरतो.

मोरपंखी

सवडीने लिहितो म्हणाला होतात...

राखाडी

हो ताई, आठवण आहे. तुमच्याकडे तीन अडचणी एकात एक आहेत. मोरपंखी हा असा निळा-हिरवा आहे की रेशमावरचा गडद मोरपंखी बरेचदा एसआरजीबीच्या बाहेरच पडतो. कॅमेरा तो ओढून आत बसवतो आणि तेव्हाच तो निळ्याकडे किंवा हिरव्याकडे कलतो. दुसरं, दुकानातले स्वस्त एलईडी. एकाच साडीचा रंग त्या उजेडात वेगळा आणि दुपारच्या उजेडात वेगळा. तिसरं, फोन आपणहून व्हाइट बॅलन्स ठरवतो. अख्खी फ्रेम मोरपंखी असली की तो तिला मारायला बघतो, अण्णांच्या मशीनसारखाच.

साडी दुपारी ओट्यावर सावलीत टाका, कडेला राखाडी कार्ड ठेवा आणि फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून तोच कायम ठेवा.

मोरपंखी

कार्ड मागवते. पण धूपछाँवचं काय करू? ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. हातात घेतली की हिरवी, थोडी फिरवली की निळी. तीच तर तिची शान. फोटोत एकच रंग येतो आणि गिऱ्हाइक म्हणतं फसवलं.

राखाडी

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रंग कोनावर बदलत असेल तर एका फोटोत तो मावत नाही, स्क्रीन कितीही खरी असो. पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ पाठवून बघा. गिऱ्हाइकाचा फोन `Vivid` वर असेल तर तिथेही ताणलेलंच दिसणार.

डिझाईनवाला

ताई, वर्णनात "दोन रंगी झळाळी, उजेडानुसार हिरवी-निळी दिसेल" असं मोठ्या अक्षरात लिहा. परत येणं थोडं तरी कमी होईल. आमच्याकडे ब्रोशरवर तळाशी "प्रत्यक्ष रंगात फरक असू शकतो" असं छापतात, ते कोणी वाचत नाही.

भटका_नाशिककर

दुसरं सॅम्पल आलं, नो करेक्शन लिहून. बंदगळ्याची घडी दिसते, गुंड्यासुद्धा दिसतात. सदरा पांढरा. बहिणीच्या फोनवर `Natural` मध्ये चेहरे माणसांचे वाटतात. फक्त नवरीचा शालू आणि करवलीची साडी प्रिंटमध्ये वेगवेगळ्या लाल आहेत आणि लॅपटॉपवर मला दोन्ही एकच दिसतात. हे तिठा आणि राखाडी म्हणाले तेच ना? तिथे कुठल्या फोटोत किती लाल ठेवायचा, ते मी कसं ठरवू?

राखाडी

त्या पॅनेलवर नाही ठरवता येणार. तेवढे फोटो एसआरजीबी पूर्ण दाखवणाऱ्या मॉनिटरवर बघा. तो मॉनिटरही मोजलेला हवा. नाहीतर सॉफ्ट प्रूफ चालू करून त्यात एसआरजीबी निवडा आणि शालूवर माऊस ठेवून लालचा आकडा बघा. तो २५५ ला टेकला असेल आणि जरीच्या आसपासचे पोत सपाट झाले असतील, तर फक्त लालचं सॅच्युरेशन थोडं उतरवा.

पिक्सेलपंत

मी नाशकातच आहे, कॉलेज रोडला. माझ्याकडे मोजलेला मॉनिटर आहे. व्यनि करा, शनिवारी दुपारी या. रॉ फाइल्स आणि लाईटरूमचा कॅटलॉग हार्डडिस्कवर आणा, नुसते जेपेग आणू नका. आणि दोन्ही सॅम्पल प्रिंटही आणा.